माल निघण्याआधीचा कर

व्यवहारात कर लागतो हे सगळ्यांना ठाऊक असते. तो नेमका कोणत्या दिवशी लागतो, हा प्रश्न मात्र सहसा कर सल्लागाराच्या टेबलावरच निघतो. गिऱ्हाईक आज पैसे देऊन जाते, कारागीर पुढच्या महिन्यात वस्तू तयार करतो, त्यानंतर केव्हातरी ती पोहोचते आणि बिल फाटते. या चार तारखांपैकी सरकारची तारीख कोणती? १ जुलै २०१७ रोजी देशात वस्तू आणि सेवा कर लागू झाला, तेव्हा कायद्याने याचे उत्तर स्पष्ट दिले होते: पैसे आणि बिल यांपैकी जे आधी येईल ते. वस्तूंच्या बाबतीत हे उत्तर साडेचार महिने टिकले. सेवांच्या बाबतीत ते आजही लागू आहे. ते एकीकडे का कोसळले आणि दुसरीकडे का तग धरून राहिले, याची ही हकिकत आहे.

त्यासाठी आधी मागे जायला हवे. जीएसटीच्या आधी प्रत्येक कराची स्वतःची तारीख होती. उत्पादन शुल्क माल कारखान्याच्या फाटकाबाहेर पडताना लागे. विक्रीकर, आणि महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून त्याच्या जागी आलेला व्हॅट, विक्री झाल्यावर लागे. गिऱ्हाइकाने आगाऊ दिलेली रक्कम वहीत जमेला पडे आणि माल निघेपर्यंत कराच्या हिशेबात तिचा विचार होत नसे. यंत्र बनवणारा, फर्निचरवाला, सराफ या सगळ्यांच्या कित्येक पिढ्या याच रिवाजावर चालल्या होत्या. बयाणा हे त्यांच्या धंद्याचे भांडवल होते. त्यातूनच पोलाद, लाकूड, सोने विकत घेतले जाई.

सेवाकराची वाट वेगळी होती. १ जुलै १९९४ रोजी टेलिफोन, साधारण विमा आणि शेअर दलाली या तीन सेवांवर ५ टक्के दराने तो सुरू झाला, आणि बरीच वर्षे सेवा देणाऱ्याच्या हातात पैसे आल्यावरच तो भरायचा असे. पण सेवेला फाटक नसते. ती कधी सुरू झाली आणि कधी संपली हे बाहेरच्या माणसाला दिसत नाही. दिसते ती पैशांची देवघेव. म्हणून २००५ मध्ये कायद्यात ‘दिलेली’ सेवा या शब्दांना ‘दिली जाणार असलेली’ सेवा हे शब्द जोडले गेले आणि आगाऊ रक्कम कराच्या कक्षेत आली. २०११ मध्ये करदेयतेच्या क्षणाविषयीचे स्वतंत्र नियम आले. त्यांनी बिल आणि पैसे यांत जे आधी ते धरायचे, हे सूत्र पक्के केले. २०१७ उजाडेपर्यंत हॉटेले, मंगल कार्यालये, बिल्डर, कोचिंग क्लास यांना आगाऊ रकमेवर कर भरायची सवय होऊन गेली होती.

जीएसटीचा मसुदा करणाऱ्यांसमोर या दोन परंपरा होत्या आणि त्यांना एकच कायदा लिहायचा होता. जून २०१६ मध्ये नमुना कायदा लोकांसमोर आला, तेव्हाच वस्तू आणि सेवा या दोन्हींसाठी समांतर कलमे त्यात होती. एप्रिल २०१७ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या केंद्रीय कायद्यात ती कलम १२ आणि कलम १३ म्हणून आली. कलम १२ वस्तूंचे, कलम १३ सेवांचे, आणि दोन्हींत सूत्र सेवाकराचेच. त्यामागचा विचार तर्कशुद्ध होता, हे मान्य करावे लागते. नव्या कायद्यात ‘पुरवठा’ या कल्पनेत पूर्ण झालेला व्यवहार होता, तसाच मोबदला घेऊन कबूल केलेला व्यवहारही होता. मोबदला हातात आला आणि कबुली झाली, तर कायद्याच्या लेखी पुरवठ्याचा पाया घातला गेला. शिवाय सरकारला एक भीती होती. कर फक्त बिलावर ठेवला, तर पैसे घेऊन बिल लांबवणारे निघतील. पैशांची तारीख धरली की ही पळवाट बंद होते, कारण पैसे मिळाल्याची तारीखही कायद्याने बांधून टाकली होती: वहीत नोंद झाल्याचा दिवस किंवा बँकेत जमा झाल्याचा दिवस, यांतला आधीचा.

कागदावर हे नीट बसत होते. कलम ३१ प्रमाणे आगाऊ रक्कम घेणाऱ्याने ‘रिसीट व्हाउचर’ द्यायचे, त्या महिन्याच्या रिटर्नमध्ये कर भरायचा, पुढे माल गेल्यावर पूर्ण बिल करायचे आणि आधी भरलेला कर त्यातून वळता करायचा. व्यवहार मोडला तर ‘रिफंड व्हाउचर’ देऊन पैसे परत करायचे. जीएसटीआर-१ या रिटर्नमध्ये यासाठी तक्ता ११ ठेवला होता. त्याच्या पहिल्या भागात त्या महिन्यात घेतलेली आणि बिल न झालेली आगाऊ रक्कम दाखवायची, दुसऱ्या भागात पूर्वी दाखवलेल्या रकमेपैकी या महिन्यात बिलात वळती झालेली रक्कम दाखवायची.

या व्यवस्थेतली खोच घेणाऱ्याच्या बाजूला होती. जीएसटीचे मूळ वचन असे की, एकाने भरलेला कर पुढच्याला इनपुट क्रेडिट म्हणून मिळतो आणि त्यामुळे कर कुणाच्या खिशात अडकून राहत नाही. पण क्रेडिट देणाऱ्या कलम १६ ची अट अशी की, माल किंवा सेवा प्रत्यक्ष मिळालेली असली पाहिजे आणि हातात कराचे बिल असले पाहिजे. रिसीट व्हाउचरवर क्रेडिट नाही. म्हणजे विकणाऱ्याने आज कर भरायचा, पण घेणाऱ्याला त्याचे क्रेडिट माल पोहोचल्यावर. मधल्या काळात ती रक्कम सरकारकडे असते आणि साखळीतला कुणीच तिचा उपयोग करू शकत नाही. हिशेबाने कर दुप्पट होत नव्हता, पण खेळते भांडवल तेवढे कमी होत होते.

किती कमी, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, कोल्हापूरच्या एका लहान कारखान्याला यंत्राची ऑर्डर मिळाली. किंमत १० लाख रुपये आणि त्यावर १८ टक्के कर, एकूण ११ लाख ८० हजार. रिवाजाप्रमाणे ३० टक्के आगाऊ ठरले, म्हणजे ३ लाख ५४ हजार. ही रक्कम ऑगस्ट २०१७ मध्ये बँकेत आली. आगाऊ रक्कम करासह धरली जाते, म्हणून तिच्यातला कर काढायला तिला १८ ने गुणून ११८ ने भागायचे. तो ५४ हजार निघतो. ऑगस्टच्या रिटर्नबरोबर सप्टेंबरमध्ये ५४ हजार भरायचे. यंत्र मात्र डिसेंबरमध्ये तयार होणार. घेणाऱ्याला या ५४ हजारांचे क्रेडिट डिसेंबरमध्ये यंत्र मिळाल्यावर आणि बिल आल्यावर. कारखानदाराने पोलाद ऑगस्टमध्येच घेतले असते, तर त्यावरच्या कराचे क्रेडिट त्याला याच ५४ हजारांसमोर वापरता आले असते. पण पोलाद टप्प्याटप्प्याने घेतले जाते. ऑर्डर आली त्या महिन्यात नकाशे निघतात, मोजमाप होते, खरेदी नंतर होते. त्यामुळे पहिल्या महिन्यात क्रेडिट जवळपास शून्य आणि कर पूर्ण रोखीत. गिऱ्हाइकाने कच्च्या मालासाठी म्हणून दिलेल्या साडेतीन लाखांतून माल घ्यायला तीनच लाख उरतात, आणि त्या मालावरही कर देऊनच तो घ्यावा लागतो. अशा पाच ऑर्डरी एकाच वेळी चालू असल्या की पावणेतीन लाखांच्या आसपास रक्कम सतत अडकलेली. मोठ्या कंपनीला हे बँकेच्या मर्यादेत सामावून घेता येते. ज्याची बँकेतली मर्यादाच दहा लाखांची आहे, त्याला ते जाणवते.

यंत्राच्या ऑर्डरीत निदान वस्तू ठरलेली असते, दर ठरलेला असतो. घाऊक बाजारात तेही नसते. तिथे पैसे ‘खात्यावर’ येतात. सोलापूरच्या गणवेश आणि तयार कपड्यांच्या व्यापाऱ्याचे उदाहरण घ्या. परगावचा दुकानदार दसऱ्याआधी दोन लाख रुपये पाठवतो. त्याच्याकडे जुनी बाकी १ लाख ४० हजारांची. म्हणजे ६० हजार आगाऊ झाले. कशाचे आगाऊ? अजून त्याने ऑर्डर दिलेलीच नाही, येईल आणि पाहून घेईल. त्या वेळी हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के कर होता, त्याहून महागावर १२ टक्के. कर काढायचा कोणत्या दराने? यावर नियम ५० चे उत्तर होते: दर ठरवता येत नसेल तर १८ टक्के धरा, आणि पुरवठा राज्यातला की राज्याबाहेरचा हे ठरत नसेल तर राज्याबाहेरचा धरा. म्हणजे ज्या दुकानात १८ टक्क्यांची एकही वस्तू नाही, तिथे या ६० हजारांवर ९,१५३ रुपये कर भरायचा. दर ५ टक्के धरला असता तर तो २,८५७ रुपये झाला असता, आणि १२ टक्क्यांनी ६,४२९. पुढे बिल झाल्यावर फरक वळता होईल हे खरे, पण त्यासाठी प्रत्येक जमेचा माग ठेवायचा. कुठला हप्ता जुन्या बिलाचा, कुठला नव्याचा, कितीची पावती फाडली, तिच्यातले किती वळते झाले, किती उरले. महिनाअखेरीला प्रत्येक गिऱ्हाइकाचे खाते उलगडून त्यातला आगाऊ भाग वेगळा काढण्याचे काम या बाजारांनी कधी केलेच नव्हते. पैसे येतात, बिले होतात, वर्षाकाठी बाकी जुळवली जाते, ही त्यांची पद्धत.

माझ्या मते वस्तूंवरचा नियम जास्त करून या वहीखात्यामुळे पडला. अडकलेले भांडवल हे दुःख होतेच, पण ते मोजता येत होते. खात्यावर आलेल्या पैशांना एकेका पुरवठ्याशी जोडणे मात्र अनेकांना अशक्य होते, आणि जो नियम प्रामाणिक माणसालाही पाळता येत नाही त्याची अंमलबजावणी निवडकच होणार. त्यात त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात बाकीचेही नवे होते. रिटर्न भरायच्या तारखांना संकेतस्थळ अडखळत होते, मुदती पुढे ढकलल्या जात होत्या, सुरतच्या कापड बाजाराने जुलैत बंद पाळला होता.

तेव्हाचे केंद्रीय अर्थमंत्री अरुण जेटली यांच्या अध्यक्षतेखाली जीएसटी परिषदेची २२ वी बैठक ६ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीत झाली. दिवाळी पंधरवड्यावर आली होती. लहान व्यापाऱ्यांसाठी त्या दिवशी बऱ्याच सवलतींची घोषणा झाली: दीड कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना तिमाही रिटर्न, कंपोझिशन योजनेची मर्यादा एक कोटीपर्यंत. त्यातच आगाऊ रकमेचा मुद्दा होता. आगाऊ रकमेवर कर भरणे लहान व्यापाऱ्यांना आणि उत्पादकांना जड जात आहे, हे परिषदेने आपल्या निवेदनात मान्य केले. दीड कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांनी वस्तूंसाठी घेतलेल्या आगाऊ रकमेवर त्या वेळी कर भरू नये, माल दिल्यावर भरावा, असे ठरले. १३ ऑक्टोबरला अधिसूचना क्रमांक ४०/२०१७ निघाली.

ही अर्धी सवलत फार काळ टिकणार नव्हती. दीड कोटींची रेषा विकणाऱ्याच्या उलाढालीवर आखलेली होती, पण अडचण त्या रेषेला मानत नव्हती. दोन कोटींचा यंत्र कारखाना काही मोठा उद्योग नव्हे. घाऊक कापडाचा मध्यम व्यापारीही दीड कोटी सहज ओलांडतो, कारण त्याचा नफा बारीक आणि उलाढाल मोठी. त्यातून एकाच बाजारात शेजारी बसलेल्या दोघांचे नियम वेगळे झाले. एक आगाऊ रकमेवर कर भरतो, दुसरा भरत नाही, आणि उलाढाल वर्षात मर्यादेच्या वर जाईल की खाली राहील याचा अंदाज बांधून वागायचे.

१० नोव्हेंबरला गुवाहाटीत परिषदेची २३ वी बैठक झाली. वर्तमानपत्रांचे मथळे २८ टक्क्यांच्या गटातून बाहेर काढलेल्या पावणेदोनशेहून अधिक वस्तूंनी भरले. त्याच सुमारास, १५ नोव्हेंबरला, अधिसूचना क्रमांक ६६/२०१७ आली आणि उलाढालीची अट उठली. कंपोझिशन योजनेतले सोडून सर्व नोंदणीकृत व्यक्तींनी वस्तूंवरचा कर फक्त कलम १२ मधल्या बिलाच्या तारखेनुसार भरायचा. पैशांची तारीख वस्तूंपुरती बाजूला झाली.

ही सवलत ज्या रीतीने दिली, तिच्याकडे लक्ष द्यायला हवे. कलम १२ बदलले नाही. बिल किंवा पैसे, यांत जे आधी ते, हे शब्द कायद्यात तसेच राहिले. सरकारने कलम १४८ खाली काही वर्गांसाठी विशेष पद्धत ठरवण्याचा अधिकार वापरला आणि त्या वर्गात जवळपास सगळ्यांनाच घातले. त्यामुळे आज कुणी फक्त कायद्याचे पुस्तक उघडून वाचले, तर त्याला वाटेल की वस्तूंच्या आगाऊ रकमेवर कर आहेच. नवशिके लेखापाल अजूनही इथे चकतात. आणि ज्यांनी जुलै ते नोव्हेंबर दरम्यान असा कर भरला होता, त्यांना तो त्या दिवशी परत मिळाला नाही. पुढे त्या ऑर्डरींची बिले झाली तेव्हा तक्ता ११ च्या दुसऱ्या भागातून तो वळता झाला.

सेवांना मात्र ही अधिसूचना लागू नव्हती. कलम १३ जसेच्या तसे चालू राहिले. यामुळे सराफाच्या दुकानात आणि मंगल कार्यालयाच्या कचेरीत वेगवेगळे नियम लागले, आणि एकाच लग्नाच्या तयारीत वधूपित्याला दोन्ही दिसू लागले. दागिन्यांसाठी सराफाला दिलेला बयाणा म्हणजे वस्तूचा आगाऊ, त्यावर दागिना हाती येईपर्यंत कर नाही. मिठाईवाल्याला दिलेला आगाऊ तसाच. पण कार्यालय, मंडप-सजावट, छायाचित्रकार हे सेवा देणारे, त्यांना दिलेल्या आगाऊ रकमेतून त्याच महिन्यात कर जातो. जेवणाचा कंत्राटदार खाद्यपदार्थच देतो, पण कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात तोही सेवेत मोडतो, म्हणून त्याचाही आगाऊ करपात्र. बांधकामाचे कंत्राट, ज्यात विटा-सिमेंट आणि मजुरी दोन्ही असतात, तेही सेवाच. त्यामुळे रस्त्याच्या किंवा पुलाच्या ठेकेदाराला काम सुरू करण्यासाठी मिळणाऱ्या आगाऊ रकमेवरही कर.

सेवांमध्ये हा नियम टिकला याचे एक कारण सवय. पण दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. कार्यालयात पैसे भरणारा वधूपिता, फ्लॅट घेणारे कुटुंब, क्लासची फी भरणारा पालक यांना इनपुट क्रेडिट घ्यायचेच नसते. यंत्राच्या साखळीत जी अडचण घेणाऱ्याच्या क्रेडिटमुळे होती, ती इथे उद्भवतच नाही. आणि सेवेचे बुकिंग सहसा एका ठरलेल्या तारखेचे, ठरलेल्या दराचे असते. खात्यावरच्या पैशांचा गुंता तिथे क्वचित होतो. म्हणून सेवांमध्ये हा नियम दिसला नाही, कुणाला खुपला नाही, आणि त्याची खरी परीक्षा तारखाच रद्द झाल्या तेव्हा झाली.

२५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी लागली आणि एप्रिल-मेचा लग्नसराईचा हंगाम संपला. समजा, एका कार्यालयाने मे २०२० मधल्या लग्नासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये बुकिंग घेतले होते. भाडे २ लाख, १८ टक्के कर धरून २ लाख ३६ हजार. निम्मे आगाऊ, म्हणजे १ लाख १८ हजार, आणि मोडतोडीच्या भरपाईसाठी २५ हजारांची अनामत वेगळी. अनामतीवर कर नव्हता, कारण कायद्याच्या व्याख्येप्रमाणे अनामत जोवर भाड्यात वळती केली जात नाही तोवर ती मोबदला धरली जात नाही. आगाऊ १ लाख १८ हजारांतले १८ हजार मात्र डिसेंबर २०१९ मध्येच सरकारजमा झालेले. लग्न रद्द झाले आणि गिऱ्हाइकाने पूर्ण पैसे परत मागितले, तेव्हा कार्यालयाच्या मालकाने हे १८ हजार कुठून आणायचे?

लोकांचा गोंधळ पाहून केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने १३ एप्रिल २०२० रोजी परिपत्रक क्रमांक १३७ काढले. त्याचे सार दोन वाटांमध्ये मांडता येते, आणि कोणती वाट घ्यायची हे नोव्हेंबरमध्ये दिलेल्या कागदावर ठरत होते. त्या वेळी पूर्ण कराचे बिल फाडले असेल, तर आता क्रेडिट नोट काढायची आणि चालू महिन्याच्या करातून ती रक्कम वजा करायची. फक्त रिसीट व्हाउचर दिले असेल, तर रिफंड व्हाउचर द्यायचे आणि जादा भरलेल्या कराचा परतावा आरएफडी-०१ या अर्जाने मागायचा. हंगामच गेलेल्या कार्यालयाला पुढच्या महिन्यांत कर द्यायचाच नव्हता, त्यामुळे क्रेडिट नोट वजा करायला समोर रक्कम नव्हती. परिपत्रकाने अशा वेळीही परताव्याच्या अर्जाची सोय दिली. ज्यांनी गिऱ्हाइकाला समजावून तारीख पुढे नेली, त्यांचे काम सोपे झाले. रिसीट व्हाउचर कायम, कर भरलेला कायम, लग्न होईल तेव्हा बिल करून वळता करायचा.

या घटनेतून एक गोष्ट सगळ्यांना उमगली. आगाऊ रकमेवरचा कर भरणे हे पाच मिनिटांचे काम, पण तो मागे घेणे हे अर्ज, कागद आणि वाट पाहण्याचे काम. सर्वात जास्त वाट पाहावी लागली ती फ्लॅट घेणाऱ्यांना. तिथे हप्ते वर्षानुवर्षे चालतात आणि बिलेही हप्त्यागणिक होतात. समजा एखाद्या कुटुंबाने २०१८ पासून हप्ते भरले, बांधकाम रेंगाळले आणि २०२२ मध्ये त्यांनी बुकिंग रद्द केले. बिल्डरला क्रेडिट नोट काढून कर कमी करायची मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या सप्टेंबरपर्यंतच होती, नंतर ती नोव्हेंबरअखेरपर्यंत वाढली. २०१८ सालच्या हप्त्यांसाठी ती केव्हाच उलटली होती. मग बिल्डर म्हणणार, मी कर सरकारला भरला, तो मला परत मिळत नाही, मी मूळ रक्कम देतो. कुटुंब नोंदणीकृत करदाता नाही, त्याचे पोर्टलवर खाते नाही, अर्ज करायचा तर कुठून? घर नाही, आणि घराच्या न झालेल्या पुरवठ्यावरचा कर मात्र गेलेला.

ही अवस्था साडेपाच वर्षे होती. २७ डिसेंबर २०२२ रोजी परिपत्रक क्रमांक १८८ आले. त्याने नोंदणी नसलेल्या व्यक्तीला पॅनच्या आधारे पोर्टलवर तात्पुरती नोंदणी घेऊन स्वतः परतावा मागण्याची वाट दिली. ती दोन प्रकारच्या करारांना होती, बांधकाम आणि दीर्घ मुदतीचा विमा. दोन वर्षांची मुदत करार रद्द झाल्याच्या पत्राच्या तारखेपासून मोजायची, आणि बिल्डरने जेवढी रक्कम परत केली त्या प्रमाणातच कर परत मिळायचा. बिल्डरची मुदत अजून शिल्लक असेल तर क्रेडिट नोट त्यानेच काढायची, ही अटही ठेवली. हे परिपत्रक फार उशिरा आले असे माझे ठाम मत आहे. पुरवठ्याआधी कर घेणाऱ्या कायद्याने पुरवठा न झाल्यास पैसे परत देण्याची वाट पहिल्या दिवसापासून ठेवायला हवी होती. नोंदणीकृत माणसासाठी ती होती. सामान्य ग्राहकासाठी, जो शेवटी हा कर सोसतो, ती पाच वर्षे नव्हती.

या सूत्राचा पुढचा कस २०२५ मध्ये लागला. ३ सप्टेंबरच्या ५६ व्या बैठकीत परिषदेने दरांची मोठी फेररचना केली आणि ती २२ सप्टेंबरपासून, घटस्थापनेच्या दिवसापासून, अमलात आली. दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या हॉटेलच्या खोलीवरचा कर १२ वरून ५ टक्के झाला. लोकांनी दिवाळीच्या सुटीची बुकिंगे ऑगस्टमध्येच पैसे भरून केली होती. त्यांना कोणता दर?

याचे उत्तर कलम १४ मध्ये पहिल्यापासून लिहिलेले आहे. दर बदलतो तेव्हा तीन तारखा पाहायच्या: सेवा कधी दिली, बिल कधी झाले, पैसे कधी आले. यांपैकी दोन तारखा ज्या बाजूला पडतात, त्या बाजूचा दर. समजा महाबळेश्वरच्या एका हॉटेलात दिवसाला ५ हजारांच्या खोलीत चार रात्री राहायचे होते. ऑगस्टमध्ये २० हजार आणि १२ टक्के कर असे २२,४०० रुपये भरले. हॉटेलने त्या वेळी फक्त रिसीट व्हाउचर दिले आणि बिल ऑक्टोबरमध्ये निघताना केले, तर सेवा आणि बिल दोन्ही नव्या दरात, पैसे तेवढे जुन्या. कर ५ टक्के, म्हणजे १ हजार. जादा गेलेले १,४०० रुपये गिऱ्हाइकाला परत मिळायला हवेत. त्याच हॉटेलने ऑगस्टमध्ये घाईने पूर्ण बिल फाडले असेल, तर बिल आणि पैसे दोन्ही जुन्या दरात पडतात, आणि त्याच खोलीत त्याच रात्री राहणाऱ्याला २,४०० रुपये कर लागतो. म्हणून खोली किंवा कार्यालय आधी बुक करताना हातात आलेला कागद पावती आहे की कराचे बिल, हे तिथल्या तिथे वाचून घ्यावे. सेवा मिळेपर्यंत त्यावर रिसीट व्हाउचर असेच लिहिलेले असावे.